जुन्या दुचाकीची जाहिरात: ‘कागद क्लिअर’ म्हणजे नेमकं काय?

कवठेमहांकाळ : द्राक्षाचे पैसे हातात आले, बेदाण्याचा सौदा झाला की तालुक्यात जुन्या दुचाकींची खरेदी-विक्री वाढते. पोरगं कॉलेजला जाणार असतं, कुणाला डेअरीला दूध घालायला गाडी हवी असते. नवी गाडी लाखाच्या घरात गेल्यामुळे तीस-चाळीस हजारांत जुनी बघितली जाते. मग व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर, एसटी स्टँडजवळच्या फ्लेक्सवर आणि आमच्यासारख्या पोर्टलवर जाहिराती दिसायला लागतात. बहुतेकांत तेच चार शब्द असतात : ‘सिंगल हँड, शोरूम कंडिशन, कागद क्लिअर, फायनान्स उपलब्ध’.

बातम्यांबरोबर जाहिरातीचा मजकूरही आम्हालाच लिहून द्यावा लागतो, त्यामुळे या चार शब्दांमागे काय असतं आणि काय नसतं, ते जवळून बघायला मिळतं. ‘शोरूम कंडिशन’ तपासताच येत नाही. ‘कागद क्लिअर’ तपासता येतं, पण कोणते कागद आणि कधी क्लिअर होणार, हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं. म्हणून एखाद्या विक्रेत्याला खरोखर प्रामाणिक जाहिरात द्यायची असेल तर ती कशी असावी, याचा एक नमुना खाली दिला आहे. विक्रेत्याने तो वापरावा. ग्राहकाने तो मोबाईलमध्ये ठेवावा आणि दुकानात जाताना त्यातल्या एकेका ओळीवर बोट ठेवून विचारावं.

जाहिरातीचा नमुना

जुनी दुचाकी घ्यायचीय? आधी दोष वाचा, मग गाडी बघा.
प्रत्येक गाडीवर तपासणीचा कागद. काय चांगलं, काय खराब, दोन्ही लिहिलेलं.
गाडी गार असताना तुमच्यासमोर चालू करू. तुमचा मेकॅनिक सोबत आणा.
आरसी, कर्जाचा बोजा, दंड आणि विमा तुमच्या मोबाईलवर तुमच्यासमोर दाखवू.
नावावर करून देण्याची तारीख पावतीवर. नावावर होईपर्यंत ५,००० रुपये तुमच्याकडेच ठेवा.
पुरात बुडालेली, अपघातातली गाडी असेल तर तसं लिहून देऊ.
आरटीओचा अधिकृतता क्रमांक : ________

एवढीच जाहिरात. त्यात गाडीचं कौतुक नाही, पण प्रत्येक ओळ म्हणजे दुकानदाराने दिलेला शब्द आहे आणि तो पाळला की नाही हे कुणालाही बघता येतं. आता या ओळींमागचं काम बघू. सुरुवात शेवटच्या ओळीपासून करतो, कारण तिच्याबद्दल आपल्याकडे सगळ्यात कमी माहिती आहे.

अधिकृतता क्रमांक म्हणजे काय

आजवर जुन्या गाड्यांचा धंदा असा चालायचा. मालक गाडी दुकानात आणून द्यायचा, पैसे घ्यायचा आणि टीटीच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या करून निघून जायचा. टीटीचे फॉर्म म्हणजे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. गाडी विकल्याची खबर २९ मध्ये आणि नाव बदलण्याचा अर्ज ३० मध्ये असतो. दुकानदार त्या सह्या डिकीत ठेवायचा. गाडी पहिल्या गिऱ्हाइकाकडे गेली, त्याने वर्षभराने दुसऱ्याला दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला. कोऱ्या सह्याही गाडीबरोबर फिरत राहिल्या. आरटीओच्या दप्तरी मालक मात्र पहिलाच.

असं केल्याने काय होतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात दिसतं. त्यात गाडी एकामागून एक अशी चार हातांत गेली होती, पण आरसीवर नाव पहिल्याच मालकाचं होतं. अपघात झाला, त्यात माणूस गेला. भरपाई कुणी द्यायची हा प्रश्न आला तेव्हा न्यायालयाने सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, आणि जबाबदारी त्याचीच. गाडी आपण केव्हाच विकली होती, हे सांगून त्याची सुटका झाली नाही. तेव्हा कोरी सही देऊन गाडी सोडणाऱ्याने हे लक्षात ठेवावं, की गाडी घरातून गेली तरी गाडीचं ओझं घरातच राहतं.

यावर उपाय म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल केला आणि तो १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. त्यानुसार जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याने आरटीओकडून अधिकृतता घ्यायची असते. तिचं प्रमाणपत्र फॉर्म २९ब चं असतं आणि ते पाच वर्षं चालतं. मालकाने अशा दुकानदाराकडे गाडी सोपवली की दोघांनी मिळून फॉर्म २९क मध्ये ऑनलाइन खबर द्यायची. (इंग्रजीत हे फॉर्म 29B आणि 29C म्हणून दिसतात.) तेव्हापासून गाडी विकली जाईपर्यंत तिची जबाबदारी दुकानदाराची मानली जाते. ती गाडी त्याने स्वतःच्या कामाला फिरवायची नाही. गिऱ्हाइकाला ट्रायल देणे, दुरुस्ती, रंगकाम, तपासणी एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची आणि त्याची नोंद ठेवायची. अशा दुकानदाराला नाव बदलणे, डुप्लिकेट आरसी काढणे, एनओसी घेणे असे अर्ज स्वतः करता येतात.

तालुक्याच्या ठिकाणी गॅरेजला जोडून चार गाड्या विकणारे बरेच आहेत आणि त्या सगळ्यांकडे हे प्रमाणपत्र असेलच असं नाही. प्रमाणपत्र नसलेला माणूस लबाडच असतो, असंही नाही. पण जाहिरातीत ‘अधिकृत विक्रेता’ असं छापलं असेल तर प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं पाहिजे. नसेल तर तो शब्द जाहिरातीतून काढला पाहिजे. कंपनीचा अधिकृत सर्व्हिस पॉइंट असणं वेगळं आणि जुन्या गाड्यांची आरटीओ अधिकृतता वेगळी. हे दोन गिऱ्हाइकाच्या डोक्यात एक होतात आणि काही जाहिराती मुद्दाम तसं होऊ देतात.

मोबाईलवर काय बघायचं

कागदांची ओळ तपासायला पाच मिनिटं पुरतात, फक्त रेंज हवी. `mParivahan` हे सरकारी अॅप उघडून गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, गाडीचा प्रकार, विमा कधीपर्यंत आहे, पीयूसी, नोंदणी कधी संपते हे दिसतं. मालकाचं नाव पूर्ण दिसत नाही, मधली अक्षरं झाकलेली असतात. तरी दुकानदार सांगतोय ते नाव आणि अॅपवरची अक्षरं जुळतात का, एवढं कळतं. आपल्या सांगलीची पासिंग एमएच १०, साताऱ्याची एमएच ११, कोल्हापूरची एमएच ०९, सोलापूरची एमएच १३.

सगळ्यात आधी कर्जाचा बोजा बघा. गाडी फायनान्सवर घेतलेली असेल तर आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव चढलेलं असतं. हप्ते फिटले म्हणून ते आपोआप उतरत नाही. कंपनीचं एनओसी पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओत दिल्यावरच उतरतं. ‘हप्ते कधीच फिटलेत’ हे दुकानदाराचं म्हणणं खरं असू शकतं, पण फॉर्म ३५ वर कंपनीची सही नसेल तर गाडी तुमच्या नावावर होणार नाही. कंपनीचं ऑफिस मिरजेला असेल तर एक चक्कर, पुण्याला असेल तर चार दिवस. मूळ मालकाशिवाय ते पत्र मिळवणं तुम्हाला अवघड जातं. म्हणून बोजा असलेली गाडी दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा. बोजा उतरल्यावर या, असं दुकानदाराने स्वतःच सांगितलं तर तो माणूस बरा.

दुसरं म्हणजे दंड. `echallan.parivahan.gov.in` किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या `mahatrafficechallan.gov.in` वर नंबर टाकला की थकलेलं चलन दिसतं. सांगलीच्या सिग्नलवर किंवा पुण्याला नोकरीला असताना पडलेले दंड मालकाच्याही ध्यानात नसतात. ते कोण भरणार हे पैसे देण्याआधी ठरवा.

तिसरं, नोंदणीची मुदत. दुचाकीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. २०११ ची गाडी आज स्वस्तात मिळतेय म्हणून घेतली तर लगेच फेरनोंदणी, तपासणी आणि पर्यावरण कर तुमच्या गळ्यात पडतो. स्वस्त गाडीच्या किमतीत हा खर्च धरावाच लागतो.

आपल्याला जतच्या बाजूने कर्नाटक जवळ आहे. अथणी, विजापूर भागातली केए पासिंगची गाडी दोन-चार हजारांनी स्वस्त मिळते. तिला मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८ लागतो. मग इथे नवीन नंबर घ्यायचा आणि महाराष्ट्राचा कर भरायचा. स्वस्ताईतले पैसे तिथे जातात आणि एनओसी नसेल तर गाडी कायमची परक्या नावावर राहते. जाहिरातीत गाडीची पासिंग न लिहिता नुसता फोटो टाकलेला असेल आणि नंबरप्लेट झाकलेली असेल तर फोन करून पहिला प्रश्न तोच विचारा.

आणखी एक प्रकार आपल्याकडे घरोघरी आहे. गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असते आणि मुलगा विकायला काढतो. अशी गाडी आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करावी लागते, मगच ती विकता येते. मयताच्या नावाने फॉर्म २९ वर कुणी सही ‘करून’ दिली तर ती खोटी सही आहे आणि त्याचा त्रास घेणाऱ्यालाच होणार.

तपासणीचा कागद

बहुतेक दुकानांत गाडी धुऊन, पॉलिश मारून, सीटकव्हर बदलून उभी असते. पंचवीस मुद्द्यांची, पन्नास मुद्द्यांची तपासणी अशा जाहिराती आता शहरातून इकडे आल्या आहेत. मुद्दे किती यापेक्षा कागदावर एक तरी दोष लिहिलाय का हे बघावं. सात वर्षं वापरलेल्या गाडीत एकही दोष नाही, असा कागद असेल तर तो तपासणी न करताच भरला आहे.

आधी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर. चेसिस नंबर बहुतेक मोटारसायकलींना हँडलच्या खाली, चेसिसच्या पुढच्या नळीवर ठोकलेला असतो आणि तो १७ आकडी-अक्षरी असतो. इंजिन नंबर इंजिनच्या खालच्या बाजूला असतो. फडक्याने पुसून आरसीशी एकेक अक्षर जुळवायचं. नंबरभोवती घासल्याची खूण, ताजा रंग किंवा अक्षरं वरखाली असतील तर गाडी सोडून द्या, किंमत कितीही कमी असली तरी.

मग इंजिन. दुकानात पोचल्यावर आधी इंजिनला हात लावायचा. गरम लागलं तर समजायचं की तुम्ही येणार म्हणून आधीच चालू करून ठेवली होती. जाहिरातीतल्या ‘गार असताना चालू करू’ या ओळीचा अर्थ हाच. गार इंजिन पहिल्या-दुसऱ्या किकला धरतं का, टकटक येते का, हे तेव्हाच कळतं. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून थोडी पांढरी वाफ येते आणि थांबते, त्यात वावगं नाही. पण गाडी गरम झाल्यावरही निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय. म्हणजे रिंग-पिस्टन किंवा वॉल्व सील गेलं आहे. याचा खर्च काही हजारांत जातो. तो किमतीतून कमी व्हायला हवा.

किलोमीटरवर विश्वास किती ठेवायचा? जुन्या गाड्यांना पुढच्या चाकापासून मीटरला वायर असते. वायर काढली की गाडी पळते आणि आकडा जागेवर राहतो. डिजिटल मीटर बदलता येतं. म्हणून आकड्याऐवजी गाडीकडे बघा. टायरच्या बाजूला चार आकडे ठोकलेले असतात. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ३२१८ म्हणजे २०१८ सालातला ३२ वा आठवडा. २०१८ च्या गाडीचं मीटर १८ हजार दाखवतंय आणि मागचा टायर २०२२ चा आहे, तर विचारायचं की मूळ टायर इतक्या लवकर कसा गेला. कधी खिळ्याने फाटल्यामुळे बदललेला असतो, ते खरंही असू शकतं. पण त्याबरोबर पायाचं रबर गुळगुळीत, ब्रेकच्या पायडलची कड झिजलेली, चेनच्या मागच्या चक्रीचे दात वाकड्या नखासारखे झालेले असतील तर गाडी मीटरपेक्षा बरीच जास्त फिरली आहे.

गावाकडची गाडी कोणतं काम करत होती हेही बघा. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून पळवलेल्या गाडीची मागची चेसिस, शॉकअपच्या बोल्टाजवळ, वजनाने चिरते. तिथे नवं वेल्डिंग आणि त्यावर काळा रंग दिसतो. खताची पोती आणि फवारणीचं सामान वाहिलेल्या गाडीला कॅरिअर, रिम आणि तारांवर आतून गंज असतो, कारण खत म्हणजे एक प्रकारचं मीठच. अशी गाडी घेऊ नये असं नाही. मी स्वतः रानात वापरायला अशीच गाडी घेतली असती. पण ती ‘घरगुती वापर’ म्हणून विकली जाऊ नये.

पुराची गाडी

हा मुद्दा आपल्या तालुक्याला नवीन वाटेल. आपल्याकडे टँकरची चर्चा असते, पुराची नाही. पण ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या कृष्णेच्या पुरात सांगली शहर आणि नदीकाठची गावं पाण्यात होती. घरासमोर, पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या दुचाकी बुडाल्या. त्या सगळ्या भंगारात गेल्या नाहीत. दुरुस्त होऊन विकल्या गेल्या आणि विकण्यासाठी पूर न बघितलेला भाग सोयीचा. नदीकाठचा माणूस अशी गाडी नजरेने ओळखतो, आपण ओळखत नाही.

आरसीवर किंवा अॅपवर पुराची नोंद नसते. गाडीवरच शोधावं लागतं. सीट काढून खालच्या कोपऱ्यात, साइड पॅनलच्या मागे, टाकीखालच्या रबरांत बोट फिरवा. नदीचा गाळ मऊ आणि राखाडी असतो, आपल्या रस्त्यावरच्या धुळीसारखा खरखरीत नसतो. हेडलाइटच्या आत काचेवर किंवा मीटरच्या काचेखाली आडवी पुसट रेघ असेल तर पाणी तिथपर्यंत आलं होतं. वायरिंगचे जोड उघडून बघितले तर तांब्यावर हिरवट पापुद्रा दिसतो. पुढे महिनोन् महिने इंडिकेटर, हॉर्न, सेल्फ यांची तक्रार याच पापुद्र्यामुळे येते आणि कारण सापडत नाही. इंजिन ऑइलची काडी काढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर त्यात पाणी आहे. दोन्ही चाकं उचलून हाताने फिरवा, बेअरिंगमध्ये पाणी गेलं असेल तर घरघर येते.

चांगल्या मेकॅनिकने इंजिन उघडून, वायरिंग बदलून केलेली पुराची गाडी पुढे बरी चालते. फक्त ते सांगून, किंमत कमी करून विकावी. आमच्या नमुन्यात ‘लिहून देऊ’ हे शब्द मुद्दाम घातलेत. तोंडी ‘नाही हो, पुराची नाही’ म्हणणं सोपं असतं. पावतीवर ‘ही गाडी पुरात बुडालेली नाही’ असं लिहून सही करायची वेळ आली की दुकानदार एकदा विचार करतो.

एक गाडी, कागदासकट

समजा, शंभर सीसीची, नोव्हेंबर २०१८ ची, एमएच १० पासिंगची मोटारसायकल आहे. किंमत ३८,००० सांगितली. मीटर २४,६०० वर. जाहिरातीत ‘सिंगल हँड, कागद क्लिअर’.

अॅपवर बघितलं, विमा नोव्हेंबर २०२३ ला संपलेला. हे असंच असणार होतं, कारण सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला आणि पाच वर्षं झाल्यावर बऱ्याच मालकांनी तो पुन्हा काढलाच नाही. ७५ ते १५० सीसीच्या गाडीचा एका वर्षाचा थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दराने ७१४ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे साधारण ८४३ रुपये. चालकाच्या स्वतःच्या अपघात विम्याचे पैसे वेगळे. बिनविम्याची गाडी पकडली तर पहिला दंडच २,००० रुपये आहे आणि अपघात झाला तर भरपाई स्वतःच्या खिशातून, वेळ पडली तर जमिनीतून. म्हणजे दुकानातून घरी येतानाच विमा हवा.

ई-चलनवर ५०० आणि १,००० रुपयांचे दोन दंड निघाले. आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव आहे, पण दुकानदाराकडे एनओसी पत्र आणि सही झालेला फॉर्म ३५ आहे. मागचा टायर घासलेला, चेन-चक्री संपलेली. मेकॅनिकने दोन्हीचा खर्च ३,००० सांगितला. इंजिन गार असताना एका किकला चालू झालं, धूर नाही.

हिशेब असा होतो. ३८,००० मधून दुरुस्तीचे ३,००० गेले. दंडाचे १,५०० दुकानदाराने तुमच्यासमोर ऑनलाइन भरायचे. ठरली किंमत ३५,०००. त्यातले ३०,००० आज द्यायचे, ५,००० नावावर झाल्यावर. विम्याचे पैसे तुमचे. नावावर करण्याची फी २०१६ च्या केंद्रीय दराने दुचाकीला १५० रुपये आणि स्मार्टकार्डचे २०० होती. आज नेमके किती, ते ऑनलाइन अर्ज भरताना पडद्यावर येतं. त्यापुढे एजंट जे घेतो ती त्याची मजुरी, सरकारी फी नव्हे. ‘टीटीचे तीन हजार’ असं कुणी सांगितलं तर त्यात फी किती आणि मजुरी किती, हे पावतीवर वेगवेगळं मागा. मजुरी घेण्यात चूक काही नाही, ती फी म्हणून सांगण्यात आहे.

पावतीवर काय हवं? गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिन नंबर, ठरलेली किंमत, दिलेले आणि राहिलेले पैसे, नावावर करून देण्याची तारीख, सांगितलेले दोष, आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख व वेळ. वेळ लिहायची कारण त्याच दिवशी दुपारी कुठे दंड पडला किंवा धडक झाली तर गाडी कुणाच्या हातात होती, यावरून भांडण होतं.

नावावर होईपर्यंत

कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आपल्या तालुक्याचं काम सांगली आरटीओकडे आहे. अर्ज `parivahan.gov.in` वरून ऑनलाइन भरला जातो. त्याला मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, दोघांचे ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, फॉर्म २९ आणि ३०, बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा लागतो. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवीन सुरक्षा नंबरप्लेट बसलेली आहे का तेही बघून घ्या. नाहीतर तिच्यासाठी अर्ज अडतो. वरच्या उदाहरणातली २०१८ ची गाडी त्यातच येते.

अर्ज भरल्यावर अर्ज क्रमांक मिळतो. दुकानदाराने तो व्हॉट्सअॅपवर पाठवला पाहिजे. ‘काम टाकलंय’ या शब्दाला किंमत नाही, त्या क्रमांकाला आहे, कारण काम कुठवर आलं ते त्यावरून तुम्हाला स्वतः बघता येतं. अडकलं असेल तर बहुधा मूळ मालकाच्या मोबाईलवर जाणारा ओटीपी अडकलेला असतो. गाडी घेतानाच मूळ मालकाशी एकदा फोनवर बोलून घेतलं तर पुढचा महिना वाचतो.

विम्याचंही नाव बदलावं लागतं. गाडी विकल्यावर थर्ड पार्टीचा भाग नव्या मालकाला लागू राहतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मिळवायचा तर १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. जुन्या मालकाची नो क्लेम सवलत त्याचीच राहते, ती गाडीबरोबर येत नाही.

शेवटी, जाहिरातीचा कागद किंवा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात हा तक्रारीचा विषय आहे आणि जाहिरातीतला शब्द दुकानदारावर बंधनकारक धरून भांडता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. तिथे पहिला प्रश्न पावतीबद्दल असतो.